ग्रिड बारीक केलं आणि सळई शून्याच्याही खाली उणे पावणेतीनशेला गेली (एक्स्प्लिसिट मेथड, मदत हवी)

तापलेली_तार

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एक छोटं असाइनमेंट आहे आणि त्यात अडकलोय. 20 सेंमी लांबीची ॲल्युमिनियमची सळई, सगळी 25 अंशावर. डावं टोक एकदम 100 अंशाला नेऊन तिथेच धरून ठेवायचं, उजवं टोक 25 लाच, बाजूंनी उष्णता अजिबात बाहेर जात नाही असं धरायचं. 400 सेकंदांनंतर सळईत कुठे किती तापमान ते काढायचंय. सळईचे 20 तुकडे केले तेव्हा डावीकडून उजवीकडे सरळ रेष आली, मधोमध 62.5, म्हणजे बरोबर. मग सरांनी सांगितलं ग्रिड बारीक करून बघ, उत्तर सुधारतं का ते लिही. म्हणून फक्त N 20 चं 40 केलं, बाकी एका अक्षराला हात लावला नाही, आणि आता सगळीकडे nan येतंय. बारीक केल्यावर उत्तर सुधारायला हवं ना?

```python
import numpy as np
alpha = 1e-4      # m^2/s
L, N = 0.20, 40
dx = L / N
dt = 0.5          # s
T = np.full(N + 1, 25.0)
T[0] = 100.0
for n in range(800):
    T[1:-1] += alpha*dt/dx**2 * (T[2:] - 2*T[1:-1] + T[:-2])
print(T)
```

घाटावरचा

हा राउंडिंगचा प्रॉब्लेम आहे भावा. dx लहान केलास की dx² अजून लहान होतो, बारीक आकड्याने भागलं की एरर मोठी होते आणि 800 स्टेपमध्ये साठत जाते. आमच्या वेळी फोरट्रानमध्ये सिंगल प्रिसिजनला असंच व्हायचं, डबल केलं की गप बसायचं. डेटाटाइप बघ आधी.

मुक्ता_प

@घाटावरचा नमपायमध्ये 25.0 लिहिलं की ते डबलच असतं, त्यामुळे तिथे काही करण्यासारखं नाही. माझा पहिला संशय वेगळाच होता, की एकाच ॲरेत नवीन किमती लिहिता लिहिता जुन्या पुसल्या जातायत, साध्या for लूपने एकेक नोड अपडेट करणारी मुलं ही चूक हमखास करतात. पण इथे उजवी बाजू आधी पूर्ण काढली जाते आणि मग मिळवली जाते, म्हणून कोड ठीक आहे.

@तापलेली_तार शेवटचा nan बघून काही कळणार नाही रे, तो येईपर्यंत सगळं केव्हाच वाहून गेलेलं असतं. पहिल्या तीन स्टेप प्रिंट कर आणि डाव्या टोकाजवळचे दोन-तीन नोड इथे टाक.

तापलेली_तार

टाकतो ताई. T[1] सुरुवातीला 25, मग 175, मग -275, मग 1675. T[2] आहे 25, 25, 325, आणि पुढे तोही कुठच्या कुठे. हे म्हणजे दुसऱ्याच स्टेपला ॲब्सोल्यूट झीरोच्या खाली गेलं 😅

श्रीकाका

आता खरी गोष्ट समोर आली. पहिलीच स्टेप बघ. सळईतली सगळ्यात गरम जागा 100 अंश, सगळ्यात गार 25 अंश, आत कुठेही हीटर नाही, आणि तुझा पहिला नोड अर्ध्या सेकंदात 175 वर. उष्णता कोणी दिली त्याला? राउंडिंगचा इथे काही संबंध नाही, पाटी-पेन्सिल घेऊन केलंस तरी 175 च येईल. 25 + 2 × (100 - 50 + 25), झालं.

तो 2 कुठून आला ते बघ. तुझ्या ओळीत alpha*dt/dx² आहे त्याला r म्हणूया. N = 20 असताना dx एक सेंटिमीटर, r आला बरोबर 0.5. N = 40 केल्यावर dx अर्धा, त्याचा वर्ग पाव, म्हणून r चौपट झाला, 2. आता तीच ओळ जरा वेगळी मांड:

```
T_new[i] = r*T[i-1] + (1 - 2*r)*T[i] + r*T[i+1]
```

म्हणजे नोडचं नवीन तापमान हे त्याच्या स्वतःच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या जुन्या तापमानांची वजनं लावून काढलेली सरासरी. वजनांची बेरीज नेहमी 1. r अर्ध्यापेक्षा कमी असेल तर तिन्ही वजनं धन, आणि धन वजनांची सरासरी त्या तीन आकड्यांच्या बाहेर जाऊच शकत नाही, म्हणून 25 आणि 100 च्या मधेच सगळं राहतं. r = 2 ला वजनं झाली 2, -3, 2. मधलं वजन उणे! म्हणजे नोड जितका गरम तितका तो पुढच्या क्षणी जास्त गार व्हायला बघणार, आणि तेही तिप्पट जोराने. याला सरासरी म्हणता येणार नाही.

भौतिक अर्थाने सांगायचं तर अर्ध्या सेकंदाच्या सुरुवातीला जो उतार दिसला तोच पूर्ण अर्धा सेकंद टिकणार असं एक्स्प्लिसिट मेथड धरून चालते. 5 मिमीच्या तुकड्यात तो उतार त्याच्या कितीतरी आधी मोडलेला असतो. पण मेथड उष्णता ओततच राहते, लेव्हल ओलांडून जाते, मग पुढच्या स्टेपला उलट दिशेने त्याहून जास्त ओढते.

तुझ्या सळईसाठी मर्यादा dt ≤ dx²/(2·alpha). 1 सेंमीला 0.5 सेकंद, 5 मिमीला 0.125 सेकंद. dt = 0.1 ठेव आणि स्टेप 4000 कर, सुतासारखं सरळ येईल.

घाटावरचा

काका पटलं, पण मग याला सीएफएल कंडिशन म्हणतात ना? 1928 चा कुरांट, फ्रेडरिक्स, लेवी यांचा पेपर. त्यात dt हा dx च्या प्रमाणात असतो असं शिकलोय. म्हणजे dx अर्धा केला तर dt पण अर्धा, 0.25 चालायला हवं. तुम्ही पाव केलात.

श्रीकाका

नाव बरोबर, प्रकरण वेगळं. तू म्हणतोस ते लाटेला लागू. लाटेचा वेग ठरलेला असतो, एका स्टेपमध्ये ती एका खान्यापेक्षा पुढे जाऊ नये एवढंच बघायचं, म्हणून dt आणि dx एका प्रमाणात. उष्णता तशी चालत नाही, ती पसरते, आणि दुप्पट अंतर पसरायला चौपट वेळ घेते. म्हणून अर्ध्या अंतराला पाव वेळ. तुझ्या 0.25 ने r येतो 1. वजनं 1, -1, 1. ते पण उडतं, फक्त जरा सावकाश, दर स्टेपला साधारण तिप्पट.

आणि राउंडिंगबद्दल तू अगदीच चुकीचं म्हणाला नाहीस, पण ते पुढे येईल तेव्हा सांगतो.

मुक्ता_प

मी पुढे थोडा खेळ केला याच्याशी. एकाआड एक वरखाली करवतीच्या दात्यांसारखा पॅटर्न घेतला, म्हणजे +1 -1 +1 -1, आणि वरच्या ओळीत टाकला की दर स्टेपला तो (1 - 4r) ने गुणला जातो, हे कागदावर दोन ओळीत निघतं. r = 2 ला -7. म्हणजे दर स्टेपला सातपट आणि चिन्ह उलटं. साताचे घात किती भराभर वाढतात ते बघा, साडेतीनशे स्टेपच्या थोडं पुढे आकडा 1e308 च्या वर जातो, डबलमध्ये मावत नाही, inf होतो, आणि inf मधून inf वजा झाला की nan. @तापलेली_तार तुझ्या स्क्रीनवर overflow encountered असं वॉर्निंग आलं असणार, ते वाचत जा.

पण गंमत पुढे आहे. N = 20 ठेवून dt = 0.502 केलं, r = 0.502, मर्यादेच्या वर. हजारो स्टेप चालवलं, उडत नाही! मग काका, अर्धा ही मर्यादा काटेकोर नाही का?

श्रीकाका

छान पकडलंस. पूर्ण +1 -1 चा दाता तुझ्या सळईत बसतच नाही, कारण दोन्ही टोकं बांधलेली आहेत, तिथे विचलन शून्यच असावं लागतं. बसू शकणारा सगळ्यात दातेरी आकार किंचित मवाळ असतो. 20 तुकड्यांना त्याचा गुणक 1 - 4r·cos²(π/40), आणि तो -1 च्या खाली जायला r साधारण 0.503 च्या वर लागतो. N वाढवत गेलं की हा फरक अर्ध्यात विरघळतो. तेव्हा ही सूट मोजायची नाही, टोक इन्सुलेट केलं की तीही कमी होते.

आता तू r = 0.51 करून बघ.

मुक्ता_प

केलं. शंभर स्टेपला मधल्या भागात चार-पाच अंशांचे दाते, आलेख बघून कोणी म्हणेल सेन्सरचा नॉइज आहे. दोनशे स्टेपला साठ-पासष्ट अंशांचे. त्यानंतर विचारू नका.

श्रीकाका

बरोबर, गुणक आहे -1.027, म्हणजे दर स्टेपला पावणेतीन टक्के वाढ. आणि इथे घाटावरच्याचं राउंडिंग येतं. ही वाढ सुरू व्हायला दात्यांचं काहीतरी बी लागतं. तापलेल्या_तारेच्या प्रश्नात टोक एकदम 25 चं 100 केलंय, त्या उडीतच ते बी आहे, जवळपास 0.3 अंशाचं. पण सुरुवात गुळगुळीत असेल, समजा एकच साइन कर्व्ह, तर बी फक्त राउंडिंगमधून येतं, 1e-14 च्या आसपास, आणि r = 0.51 ला ते एका अंशापर्यंत वाढायला हजार-बाराशे स्टेप लागतात. पाचशे स्टेपचा रन काढला तर सगळं छान दिसेल, वर "आमचा कोड 0.51 ला पण स्टेबल आहे" असं रिपोर्टात लिहून मोकळे. म्हणजे राउंडिंग हे कारण नाही, ते फक्त काडी पेटवतं. डबलच्या जागी आणखी जास्त प्रिसिजन घेतलंस तर स्फोट थोडा पुढे ढकलला जाईल, थांबणार नाही.

हेच 1910 साली रिचर्डसनच्या वाट्याला आलं होतं. त्याने वेळेसाठी मागची आणि पुढची स्टेप घेऊन मधला फरक काढायची पद्धत वापरली, कागदावर ती आपल्या ओळीपेक्षा जास्त अचूक. पण उष्णतेच्या समीकरणाला ती कुठल्याही r ला अस्थिरच आहे. हाताने मोजताना थोड्याच स्टेप होतात, त्यात ते दिसत नाही.

रात्रपाळी

चर्चा वाचत होतो, माझं पण याच्याशी जुळतंय म्हणून विचारतो, विषयांतर वाटलं तर सांगा. मी हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये आहे. जॉमिनी टेस्ट माहीत असेल, 25 मिमी व्यासाचा 100 मिमी लांब स्टीलचा बार तापवायचा आणि उभा टांगून खालच्या टोकावर पाण्याचा फवारा मारायचा, मग लांबीवर कडकपणा मोजायचा. त्याचं कूलिंग एक्सेलमध्ये बसवलंय, सळईतूनच उष्णता जाते त्यामुळे तुमचंच समीकरण. dx 5 मिमी, dt 1 सेकंद, स्टीलचा alpha 1.2e-5 धरलाय, म्हणजे r येतो 0.48, तुमच्या मर्यादेत. बार 850 ला, पाणी 25 ला. पण पाण्याकडच्या टोकाचं तापमान असं येतंय: 850, 410, 627, 317. म्हणजे गार होऊन परत तापतं. मला वाटलं हे बरोबर असेल कारण स्टीलमध्ये ट्रान्सफॉर्मेशन होताना उष्णता बाहेर पडते आणि थंड होता होता मधेच तापमान वर जातं हे आम्ही प्रत्यक्ष बघतो. पण दोनशे अंश वर जाणं जास्त वाटतंय.

घाटावरचा

बाष्पाची फिल्म धरत असेल हो टोकाला. क्वेंचिंगमध्ये होतंच ते.

मुक्ता_प

पण एक्सेलला बाष्प कुठून माहीत? शीटमध्ये ट्रान्सफॉर्मेशनची उष्णता टाकलीय का तुम्ही? नसेल टाकली तर ती उत्तरात येणार कशी? आणि टोकाच्या नोडला कुठलं सूत्र लावलंय ते सांगा, घोळ तिथेच असणार.

रात्रपाळी

नाही टाकली, खरंय. टोकाला अर्धा तुकडा धरलाय, एका बाजूने आतल्या नोडकडून उष्णता येते, दुसरीकडून पाणी घेऊन जातं. h 5000 धरलाय, k 45.

श्रीकाका

विषयांतर मुळीच नाही, उलट सळईचा प्रश्न प्रत्यक्षात येतो तो असाच. r ≤ 1/2 ही मर्यादा आतल्या नोडची, किंवा टोकाचं तापमान बांधून ठेवलं असेल तेव्हाची. तुमच्या टोकाला पाणी आहे आणि तो तुकडा अर्धाच आहे, उष्णता साठवायची जागा अर्धी आणि बाहेर जायची वाट एक जास्त. त्याचं गणित वेगळं पडतं. h·dx/k काढा, 5000 × 0.005 / 45, येतं 0.556. टोकाच्या नोडचं स्वतःचं वजन होतं 1 - 2r(1 + 0.556). तुमच्या r ला ते -0.49. उणे! म्हणून 410 नंतर 627. तो नोड जास्त गार झाला की पुढच्या स्टेपला तितक्याच जोराने परत वर फेकला जातो, ट्रान्सफॉर्मेशनशी काही देणंघेणं नाही.

वजन धन ठेवायचं तर r ≤ 0.32, म्हणजे dt साधारण 0.67 सेकंदांपर्यंत.

मुक्ता_प

काका एक शंका, वजन उणे झालं म्हणजे उडणारच असं नाही ना? माझ्या 0.502 च्या वेळी आतल्या नोडचं वजन उणेच होतं की.

श्रीकाका

नाही, उडणारच असं नाही. धन वजन ही खात्रीची अट, उडण्याची खरी सीमा त्याच्या पुढे असते. टोकाला चिकटलेला आणि आत जाताना विरत जाणारा दातेरी आकार घेऊन मी ती काढली, या केसला r = 0.466 येते. म्हणजे 0.32 ते 0.466 मध्ये टोक थोडं थरथरू शकतं पण शांत होतं. रात्रपाळींचा 0.48 त्याच्याही वर आहे, तिथे दर स्टेपला सहा टक्क्यांच्या आसपास वाढ आहे आणि ती फक्त टोकाजवळ दिसते, आत सगळं शहाण्यासारखं वागत असतं. म्हणूनच फसायला होतं.

ओळखायची खूण अशी की dt अर्धा करून परत चालवा. तापमानाचा तो परत वर जाण्याचा प्रकार खरा असेल तर त्याच सेकंदाला तिथेच राहील, मेथडचा असेल तर जागा बदलेल किंवा गायब होईल.

तापलेली_तार

माझं झालं काका, N = 40 आणि dt = 0.1 ने सरळ रेष आली. पण एक विचित्र दिसलं. जुन्या N = 20, r = 0.5 च्या रनचे आकडे प्रत्येक स्टेपला प्रिंट केले तर T[1] असा येतो: 62.5, 62.5, 71.875, 71.875. दोन-दोन वेळा तेच. हे पण बिघडलेलंच आहे का?

श्रीकाका

बिघडलेलं नाही, पण कड्यावर उभं आहे. r = 0.5 ला मधलं वजन शून्य, नोड स्वतःचं जुनं तापमान पूर्ण विसरतो आणि फक्त शेजाऱ्यांची सरासरी घेतो. त्यामुळे सम आणि विषम नोड आळीपाळीने बोलतात, दोन वेगवेगळे हिशेब एकमेकांत गुंफल्यासारखे. आणि तुझ्या केसमध्ये सगळ्यात दातेरी आकाराचा गुणक -0.988 आणि खऱ्या उत्तरातल्या सगळ्यात संथ आकाराचा +0.988, दोघं एकाच वेगाने मरतात. शेवटची सरळ रेष बरोबर आली कारण 400 सेकंदांत दोन्ही संपले. दहाव्या सेकंदाचं उत्तर मागितलं असतं तर पायऱ्या दिसल्या असत्या.

मी स्वतः r 0.25 च्या आसपास ठेवतो. 1/6 ला एक जादा फायदा असतो, वेळेची आणि अंतराची मुख्य चूक एकमेकींना कापतात, गुळगुळीत भागात उत्तर फार सुधारतं. तुझ्या N = 40 ला dt सुमारे 0.0417.

मुक्ता_प

यावर माझं थोडं वेगळं मत आहे. एवढं जपून dt निवडायचं कशाला? इम्प्लिसिट घ्या, एका सळईत प्रत्येक स्टेपला तीन कर्णांची सिस्टिम सोडवायची असते, दहा ओळींचा कोड, dt ची भीती नाही. उद्या याला 1 मिमीचं ग्रिड लागलं तर मर्यादा 0.005 सेकंद, 400 सेकंदांना 80,000 स्टेप. ते चालेल अजून. 0.1 मिमीला 80 लाख स्टेप, आणि नोड 2000. मग बसा बघत.

श्रीकाका

20 सेंमीच्या ॲल्युमिनियमला 0.1 मिमीचं ग्रिड कोणाला लागतं? आणि dt ची भीती नाही हे अर्धंच खरं. क्रँक आणि निकल्सनची 1947 ची पद्धत उडत नाही हे मान्य, पण अशी 25 ची 100 उडी दिली आणि dt मोठा ठेवला तर टोकाजवळ दाते तिथेही दिसतात, नुसते मरायला वेळ घेतात. पूर्ण इम्प्लिसिट घेतलं तर दाते नाहीत, पण 10 सेकंदांच्या स्टेपने पहिल्या 10 सेकंदांची गोष्टच पुसट होते. एक्स्प्लिसिट निदान ओरडून सांगते की चुकलास.

मुक्ता_प

ओरडून? रात्रपाळींच्या शीटमध्ये कुठे ओरडली? तिथे तर ट्रान्सफॉर्मेशनसारखं साळसूद उत्तर दिलं तिने. मी माझं मत बदलत नाही 🙂

घाटावरचा

दोघांचं भांडण चालू द्या, मी माझा जुना फोरट्रान कोड शोधायला चाललो, त्यात dt कुठून घेतला होता तेच आता आठवत नाही.

रात्रपाळी

dt अर्धा सेकंद करून बघितलं. टोक आता 850, 630, 574, 535 असं उतरतंय, परत वर जात नाही. पण एका सेकंदाला आधी 410 होतं, आता 574. यातलं कितपत धरायचं?

श्रीकाका

574 बऱ्यापैकी आहे. सुरुवातीच्या काही सेकंदांत बार अनंत लांब आहे असं धरून हाच प्रश्न सूत्राने सुटतो, त्याने एका सेकंदाला 586 च्या जवळपास येतं. 410 फेकून द्या. dx अडीच मिमी केलात तर अजून जवळ जाल, पण मग dt पुन्हा तपासा, h·dx/k निम्मा होईल आणि r चौपट.

मात्र h = 5000 कायम धरणं मला पटत नाही. बाष्पाची फिल्म असताना तो खूप कमी असतो आणि ती तुटली की एकदम वर जातो, घाटावरचा त्या बाबतीत बरोबर होता. तापमानाप्रमाणे h बदलणार असाल तर dt ची मर्यादा सगळ्यात मोठ्या h ला काढा, सरासरीला नको, नाहीतर अर्ध्या वाटेवर परत 410-627 चालू होईल.

रात्रपाळी

तो सगळ्यात मोठा h आमच्या फवाऱ्याला किती धरू हाच तर प्रश्न आहे. टोकापासून 3 मिमीवर थर्मोकपल बसवून एक बार घालवायची परवानगी मागतोय, मिळाली तर आकडे इथे टाकतो.

तापलेली_तार

टाकाच, मला असाइनमेंटला जोडायचेत.